थोरल्याचं करडू

«संगमनेर तालुक्यातला शेतकरी आहे, वय ४७, घरात थोरला. नऊ वर्षांपूर्वी आमच्या वाटण्या झाल्या. अण्णांच्या धाकट्या मुलाने त्याचे तीन एकर विकले, पुण्यात धंदा टाकला आणि सगळं घालवलं. सहा वर्षं साधा फोन नाही. त्याच काळात आई गेली, तेव्हाही आला नाही. अण्णांचं सगळं मी केलं. अठरा वर्षं गड्यासारखा राबलोय. गेल्या महिन्यात तो परत आला, तर अण्णांनी बोकड कापून भावकीला जेवण घातलं. मी उसाला पाणी भरत होतो. मला शेजारच्या पोराकडून कळलं. मी जेवायला गेलो नाही. आता अण्णा म्हणतात, त्यांच्या नावावरचे दोन एकर तो कसेल. ओळखीचे एक ख्रिस्ती मास्तर म्हणाले, बायबलमधल्या उधळ्या पुत्राची गोष्ट वाचा, तुमचीच आहे. वाचली. राग आणखी वाढला. त्यातला थोरला चुकीचं काय बोलला? आणि माझ्यासारख्याने त्यातून काय घ्यायचं?»
— एक थोरला

दादा,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. गोष्टीतला थोरला एका शब्दापुरता चुकला. त्याच्या बाकीच्या तक्रारीत बरंच खरं आहे, आणि त्याचा बापही ती खोडून काढत नाही. ही गोष्ट थोरल्यांना गप्प बसवायला इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती वाचून थोरल्यांना राग येतो, यात मला नवल वाटत नाही. मास्तरांचा हेतू चांगलाच असणार. पण गोष्टीचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो आणि दुसरा अर्धा, जो तुमचा आहे, तो घाईत उरकला जातो. आपण तिथेच थांबू.

ज्या वाचकांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ती लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात आहे. नव्या करारातलं हे तिसरं शुभवर्तमान. चारांपैकी एवढ्या एकातच ती सापडते. एका माणसाला दोन मुलगे असतात. धाकटा आपला वाटा मागून घेतो, तो घेऊन दूर देशी जातो आणि उधळून टाकतो. तिथे दुष्काळ पडतो. तो डुकरं राखायला राहतो, आणि डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगांनी तरी पोट भरावं अशी त्याच्यावर पाळी येते. बापाकडे मजुरांनासुद्धा पोटभर भाकरी मिळते हे आठवून तो परत निघतो. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, उत्तम झगा, अंगठी, पायतण देतो आणि पुष्ट वासरू कापायला सांगतो. थोरला तेव्हा शेतात असतो.

ही गोष्ट येशूने कुणाला सांगितली ते अध्यायाच्या पहिल्या दोन ओवींतच आहे. जकातदार आणि समाजाने पापी ठरवलेली माणसं त्याच्याभोवती जमत होती, आणि परूशी व शास्त्री, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे, कुरकुर करत होते की हा असल्यांना जवळ करतो, त्यांच्या पंक्तीला बसतो. म्हणजे गोष्ट उधळ्यांना सांगितलेली नाही. ती ऐकणारे आयुष्यभर नेमाने वागलेले लोक आहेत. त्या जमावात तुम्ही असतात तर कुरकुरणाऱ्यांच्या बाजूला उभे असतात, आणि बोलणाऱ्याचं तोंड तुमच्याकडे असतं.

आता जमिनीकडे येऊ, कारण तुमच्या पत्रात ती आहे आणि गोष्टीतही आहे. प्रवचनात मात्र ती सहसा निसटते.

त्या समाजात थोरल्याला दुहेरी वाटा मिळे. बायबलच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक आहे, त्याच्या 21व्या अध्यायात तसा नियम आहे. दोन मुलगे असतील तर मालमत्तेचे तीन भाग करायचे, दोन थोरल्याचे आणि एक धाकट्याचा. नऊ एकर धरले तर सहा आणि तीन. धाकट्याने वाटा मागितल्यावर लूक लिहितो की बापाने आपलं सगळं ‘त्यांना’ वाटून दिलं. त्याला एकट्याला नव्हे, त्यांना, दोघांना. त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये आलेला शब्द आहे ‘बिओस’. त्याचा अर्थ उपजीविका, आणि आयुष्यसुद्धा. म्हातारा आपलं जगण्याचं साधनच मोडून देतो आहे, असा तो शब्द ऐकू येतो. थोडक्यात, वासरू कापलं त्या दिवशी घरात जे काही उरलं होतं ते कागदोपत्री थोरल्याच्याच वाट्याचं होतं. मग वासरू कुणाचं?

ज्यू धर्मशास्त्राचा मिश्ना नावाचा संग्रह आहे, इसवी सन 200च्या सुमाराला सिद्ध झालेला. त्यात अगदी याच अडचणीवर नियम आहे. बापाने हयातीतच मुलाच्या नावे लिहून दिलं आणि ‘आजपासून, पण माझ्या मृत्यूनंतर’ अशी अट घातली, तर ती जमीन बापाला विकता येत नाही कारण ती मुलाच्या नावाची, आणि मुलालाही विकता येत नाही कारण ती बापाच्या ताब्यातली. आणि पुढे असंही म्हटलंय: बाप पीक तोडून वाटेल त्याला खाऊ घालू शकतो. हा संग्रह गोष्टीनंतरचा आहे, तेव्हा गोष्टीतल्या घरात नेमका हाच कागद झाला होता असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलखातले बाप-लेक या गुंत्यात कसे अडकत, ते यातून स्वच्छ दिसतं.

त्या नजरेने थोरल्याकडे बघा. तो मालक आहे आणि नाहीही. सहा एकर त्याचे, पण कळपातलं एक करडू मित्रांसाठी कापायचं तर बापाकडे बघावं लागतं. आणि त्याच्याच भविष्यातलं वासरू बाप, पूर्ण हक्काने, ज्याने आपला वाटा संपवला त्याच्यासाठी कापतो. त्याच्या रागाला पाया आहे. ‘अरे, मन मोठं कर’ एवढं म्हणून तो राग मिटणारा नाही, आणि तसं कुणी म्हटलं तर त्याने गोष्ट नीट वाचलेली नाही.

दुसरी गोष्ट मला दर वेळी वाचताना टोचते. थोरल्याला बोलवायला कुणीच गेलं नाही. झगा आणायला माणसं होती, वासरू आणायला होती, वाजंत्री आली, नाच सुरू झाला. शेतावर निरोप मात्र गेला नाही. तो दिवसभराचं काम संपवून घराजवळ येतो, वाद्यं ऐकू येतात, आणि स्वतःच्या घरात काय चाललंय हे त्याला एका चाकर पोराला विचारावं लागतं. तो पोरगा सांगतो, ‘तुमचा भाऊ आलाय, तो सुखरूप परत मिळाला म्हणून तुमच्या वडिलांनी पुष्ट वासरू कापलंय.’ तुम्हालाही शेजारच्या पोराकडून कळलं. जेवणाच्या खर्चापेक्षा तुम्हाला हे जास्त लागलं असावं, असं मला पत्र वाचताना वाटलं.

त्याच अध्यायात या गोष्टीच्या आधी दोन छोट्या गोष्टी आहेत. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, धनी ते शोधायला जातो. दहा नाण्यांतलं एक हरवतं, बाई दिवा लावून घर झाडते. शंभरातलं एक कमी आहे हे मेंढपाळाला कळलं, दहातलं एक कमी आहे हे बाईला कळलं. या बापाला दोनच मुलगे, आणि पंगत बसली तेव्हा त्यातला एक तिथे नाही हे त्याच्या ध्यानात आलं नाही. लूक त्याला दोष देत नाही. पण मोजणी लागोपाठ तीनदा आल्यावर ऐकणाऱ्याच्या कानाला ही चूक लागल्याशिवाय राहत नाही. ज्या आईबापांचं एक मूल खूप वर्षांनी परत आलं आहे, त्यांनी हे सदर वाचत असाल तर एवढंच करा: चूल पेटवायच्या आधी मळ्यावर माणूस पाठवा.

बापाला चूक कळते तेव्हा तो काय करतो, तेही नीट बघायला हवं. पाहुणे आत, यजमान बाहेर. धाकट्यासाठी तो रस्त्यावर धावला होता, थोरल्यासाठी भरल्या पंगतीतून उठून अंगणात येतो. ग्रीकमध्ये तिथलं क्रियापद एकदाच झालेल्या कृतीचं नाही, चालू राहिलेल्या कृतीचं आहे. तो त्याची समजूत काढतच राहिला. एका दिवसात तो म्हातारा दोनदा घराबाहेर पडला, दोन्ही मुलांसाठी एकेकदा. गोष्टीला ‘उधळ्या पुत्राची’ म्हणण्याची सवय लागल्यामुळे ही दुसरी खेप कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता थोरल्याचं बोलणं. मी काही वर्षं एका छोट्या अभ्यासगटात हा अध्याय शिकवला आहे. तिथे मी लोकांना फक्त त्याची वाक्यं मोठ्याने वाचायला लावत असे, मधे काही न बोलता. एक बाई, घरात सासऱ्यांचं सगळं करणारी थोरली सून, ‘करडू’ या शब्दावर थांबली आणि तिला पुढे वाचता येईना. मग तीच म्हणाली, ‘याला वासरू नकोच होतं.’

बरोबर आहे तिचं. तो म्हणतो, ‘पाहा, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमचा शब्द कधी मोडला नाही, तरी मित्रांबरोबर मौज करायला तुम्ही मला कधी एक करडूही दिलं नाहीत. आणि हा तुमचा मुलगा, ज्याने तुमची मालमत्ता वेश्यांच्या नादी लागून गिळली, तो आला तर त्याच्यासाठी तुम्ही पुष्ट वासरू कापलंत.’

धाकट्याचं प्रत्येक बोलणं ‘बाबा’ या हाकेने सुरू होतं, वाटा मागतानाही आणि माफी मागतानाही. थोरल्याचं ‘पाहा’ने सुरू होतं. पुढचा शब्द त्याहून महत्त्वाचा. मराठी बायबलमध्ये इथे ‘सेवाचाकरी’सारखा शब्द वाचायला मिळतो, तो मवाळ आहे. मूळ ग्रीक क्रियापद गुलामाच्या राबण्याचं आहे. तुम्ही लिहिलंय ‘गड्यासारखा राबलोय’. दोन हजार वर्षांपूर्वीचा थोरला हेच बोलला.

हा शब्द आला की गोष्टीची दोन्ही टोकं जुळतात. धाकट्याने परत येताना वाटेत भाषण पाठ केलं होतं: ‘बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यापुढे पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका मजुरासारखं ठेवा.’ प्रत्यक्षात ‘लायक नाही’पर्यंत तो बोलतो, मजुरीचं वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. बाप आधीच झगा आणायला सांगतो. म्हणजे एक मुलगा मजूर व्हायला आला होता, आणि दुसऱ्याला वाटतंय की आपण इतकी वर्षं गुलामच होतो. दोघांच्या मनात हिशेब रोजाचाच आहे. बाप दोघांनाही हजेरीपटावर घ्यायला तयार नाही.

थोरल्याच्या बोलण्यात आणखी एक धागा आहे, तो मी अलगद ओढणार आहे. वेश्यांचा उल्लेख त्याने केला. गोष्ट सांगणाऱ्याने केलेला नाही. धाकट्याने बेबंदपणे पैसा उडवला, एवढंच आधी आलं आहे. भाऊ नुकताच आला, हा अजून त्याला भेटलाही नाही, तरी त्याच्या पापांचा तपशील याच्याकडे तयार आहे. वर्षानुवर्षं मनात रंगवलेलं चित्र असतं ते. पुण्यात नेमकं काय झालं, धंदा बुडाला की बुडवला, कर्ज होतं की व्यसन, हे तुमच्या पत्रात कुठेही नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर उत्तमच. ठाऊक नसेल, तर तुमच्या मनात कोणतं चित्र आहे ते एकदा तपासून बघा.

आणि तो एक शब्द. थोरला म्हणतो, ‘हा तुमचा मुलगा.’ बाप उत्तरात बाकी काहीच दुरुस्त करत नाही. तू कष्ट केले नाहीस, असं म्हणत नाही. करडू दिलं होतं, असंही म्हणत नाही. धाकट्याची बाजू मांडत नाही, तो सुधारलाय अशी हमी देत नाही. तो म्हणतो, ‘लेकरा, तू तर नेहमी माझ्याजवळच आहेस, आणि माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. पण आनंद करायलाच हवा होता, कारण हा तुझा भाऊ मेला होता, तो जिवंत झालाय. हरवला होता, सापडलाय.’ ‘तुमचा मुलगा’ म्हणून जे त्याच्याकडे ढकललं होतं, ते ‘तुझा भाऊ’ म्हणून त्याने हळूच परत केलं.

दादा, तुमचं पत्र पुन्हा काढून बघा. ‘अण्णांच्या धाकट्या मुलाने’ असं तुम्ही लिहिलंत. पुढे सगळीकडे ‘तो’. भाऊ हा शब्द पत्रात एकदाही नाही. मी दोष देत नाही. नऊ वर्षांत माणसाच्या तोंडून एखादा शब्द गळून पडतो, त्याचं त्यालाही कळत नाही.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण ख्रिस्ती घरांतही हे चुकतं. जुन्या काळी अनेक धर्मोपदेशकांनी थोरला म्हणजे ज्यू लोक आणि धाकटा म्हणजे नव्याने ख्रिस्ती झालेले इतर लोक, असा अर्थ लावला. त्यातून पुढे ज्यू लोकांबद्दल फार कडवटपणा पसरला. मुळात गोष्ट सांगणारा ज्यू, ऐकणारे ज्यू, आणि गोष्टीतल्या बापाचं थोरल्यावर प्रेम आहे. तो त्याला जी हाक मारतो ती ‘लेकरा’ अशी, ग्रीकमध्ये ‘टेक्नॉन’, मुलगा या साध्या शब्दाहून जवळची. थोरल्याला खलनायक करणारं वाचन बापाच्या तोंडच्या शब्दांशीच जुळत नाही.

आता तुमच्या घराचं.

दोन एकरांचा प्रश्न जेवणापासून वेगळा काढा. गोष्टीत बापाने धाकट्याला मिठी दिली, झगा दिला, जेवण दिलं. पुन्हा वाटणी केली असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट थोरल्याला स्पष्ट सांगितलं की उरलेलं सगळं तुझं. परत आलेल्याचं स्वागत करणं आणि झालेली वाटणी मोडणं, या दोन बाबी बापाने एकमेकींत मिसळल्या नाहीत. तुम्हीही मिसळू नका. नऊ वर्षांपूर्वीचं वाटणीपत्र नोंदवलेलं आहे का, त्याप्रमाणे फेरफार झालेत का आणि तिन्ही सातबारे वेगळे आहेत का, हे एकदा कागद काढून बघा आणि तालुक्याच्या वकिलाला दाखवा. अण्णांचे दोन एकर वाटणीत त्यांच्याकडे कोणत्या हक्काने राहिले, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, आणि ते वकीलच सांगेल. तुमचा वाटा पक्का आहे हे कळलं की जेवणाबद्दलचा राग थोडा कमी होतो का बघा. कमी झाला, तर त्यातला काही भाग भीतीचा होता असं समजा.

अण्णांना ते दोन एकर कसायला द्यायचेच असतील तर द्यायला विरोध करू नका, पण अटी तोंडी ठेवू नका. किती हंगामांसाठी, बियाणं-खताचा खर्च कुणाचा, उत्पन्नात अण्णांचा वाटा किती, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कशा, हे साध्या कागदावर लिहून तिघांनी सही करा. पाण्याच्या पाळीवर विशेष लक्ष द्या. विहीर सामाईक असेल तर पुढच्या उन्हाळ्यातलं भांडण तिथून सुरू होईल. कसायला देणं आणि नावावर करणं यांत फरक आहे, तो अण्णांनाही समजावून सांगा. येशूच्या आधी दोनेकशे वर्षं होऊन गेलेल्या बेन सिराह नावाच्या ज्यू शिक्षकाने बापांना हाच इशारा दिला होता: जिवंत आहेस तोवर मालमत्ता हातची सोडू नकोस, तू मुलांच्या हाताकडे बघण्यापेक्षा मुलांनी तुझ्याकडे मागणं बरं. अण्णांचे दोन एकर त्यांच्याच नावावर राहणं, हे तुमच्यापेक्षाही त्यांच्या हिताचं आहे.

भावाला व्यसन असेल, घरातून पैसे उचलण्याची खोड असेल, बाहेरची देणी दारापर्यंत येणार असतील, तर गोष्टीचा आधार घेऊन कुणी तुम्हाला त्याची कर्जं अंगावर घ्यायला सांगू लागलं तर ऐकू नका. त्या बापाने मुलाची देणी फेडली असं लूकमध्ये नाही. इतर वाचकांसाठीही सांगते: मारहाण करणारा किंवा फसवणारा माणूस परत आला म्हणून त्याला घराच्या किल्ल्या द्याव्यात, असं या गोष्टीत कुठेच म्हटलेलं नाही.

दुसरं काम अण्णांशी आहे. गोष्टीतल्या थोरल्याने करडू कधी मागितलं होतं असं दिसत नाही. ‘तुम्ही दिलं नाहीत’ म्हणतो, ‘मी मागितलं होतं’ म्हणत नाही. इतक्या वर्षांत बापाला त्या करडाचा पत्ताच नसावा. तुमचं करडू कोणतं आहे, ते तुम्हीच शोधायचं आहे. बोकडाएवढं जेवण नक्कीच नसेल. कदाचित आईच्या वर्षश्राद्धाला अण्णांनी भावकीसमोर ‘हे सगळं याने केलं’ एवढं म्हणायला हवं होतं. कदाचित चार दिवस मळा कुणावर तरी सोपवून बायकोला घेऊन कुठेतरी जायचं राहिलं असेल. जे असेल ते स्पष्ट शब्दांत मागा. मागताना सुरुवात ‘अण्णा’ अशी हाक मारून करा, ‘बघा, मी इतकी वर्षं’ अशी नको. त्या वाक्याने सुरुवात झाली की समोरचा माणूस हिशेबालाच बसतो. आणि त्या दिवशी मळ्यावर निरोप आला नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं, हे अण्णांना सांगा. त्यांनी अजून तुमची समजूत काढली नसेल, तर तुम्हाला काय लागलंय हे त्यांना कळलेलंच नसण्याची शक्यता मोठी आहे. म्हाताऱ्या माणसाला सहा वर्षांनी मुलगा दिसला, त्या तासाभरात दुसरं काही सुचलं नसेल.

तिसरं काम सगळ्यांत अवघड आहे, आणि त्यात ही गोष्ट तुम्हाला मदत करू शकत नाही. लूकच्या या गोष्टीत आई नाही. तुमच्या पत्रात आहे. ‘आई गेली, तेव्हाही आला नाही.’ जमीन, बोकड, दोन एकर, या सगळ्यापेक्षा ते वाक्य जड आहे. त्या दिवसांत तुम्ही एकटे होतात, तिरडीपाशी आणि नंतर तेराव्यापर्यंत. याचं उत्तर अण्णा देऊ शकत नाहीत आणि त्यांनी द्यायचंही नाही. ते तुमच्या भावाने द्यायचं आहे.

गोष्टीत दोन भाऊ एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. धाकटा बापाशी बोलतो, थोरला बापाशी बोलतो, बाप दोघांशी. भाऊ-भाऊ समोरासमोर येण्याचा प्रसंगच नाही. बाप अंगणात उभा राहून बोलतो आणि गोष्ट तिथेच थांबते. थोरला आत गेला का, ते लूक सांगत नाही, कारण ते ठरवायचं होतं समोर उभ्या असलेल्या, कुरकुर करणाऱ्या लोकांनी. जो प्रसंग तिथे घडला नाही, तो तुमच्या घरात घडायला हवा, आणि अण्णा समोर नसताना. घरात नको, ओसरीवर नको, तिथे कान असतात. उसाला पाणी लावलं की त्याला बरोबर न्या. दोघांनी बारी बदलत दोन-तीन तास काढा. पाणी सरीत चालताना माणसाला एकमेकांच्या तोंडाकडे न बघता बोलता येतं. आईचं विचारा. तिच्या शेवटच्या आठवड्यात काय काय झालं ते तुम्ही सांगा, त्याला ऐकू दे. तो कुठे होता ते त्याला सांगू दे. त्याला बातमी कधी कळली, कळूनही आला नाही की आलं तर तोंड कसं दाखवू म्हणून थांबला, हे तुम्हाला आज ठाऊक नाही. ते ऐकून राग जाईल असं मी म्हणत नाही. कदाचित जास्त येईल. पण तो राग निदान खऱ्या माणसावर असेल.

एकदा बोलून झालं नाही तर पुन्हा पुढच्या पाळीला बोला. भावकीतल्या कुणाला मध्यस्थ घालू नका. ज्यांनी बोकड खाल्ला, ते दोन्हीकडचं बोलतील.

मग मला पुन्हा लिहा, अण्णांना काय मागितलंत तेही कळवा. आणि पत्रात त्याचं नाव लिहा. या पत्रात ते राहून गेलं आहे. इथे मी ते छापणार नाही.